दोन वाजता गळणारा कुकर

कुकर गळतोय म्हणून कुणी फोटो पाठवतं तेव्हा तो बहुतेक वेळा लख्ख घासलेल्या झाकणाचा असतो. झाकण पालथं, रबर काढून शेजारी ठेवलेलं आणि मधोमध फ्लॅशचा पांढरा ठिपका. पाठवणाऱ्यानं कष्ट घेतलेले असतात, पण जे पाहायचं ते घासणीबरोबर मोरीत गेलेलं असतं. कुकरच्या कडेतून वाफ एकटी बाहेर येत नाही. आतल्या पाण्याचे थेंब, डाळीचा फेस, भाताची पेज असं काहीतरी घेऊन ती निघते. बाहेरच्या तापलेल्या धातूवर पाणी आटून जातं आणि मागे पिठूळ, कधी हळदीनं पिवळा झालेला ओघळ राहतो. हा ओघळ जिथून सुरू होतो तिथेच वाफेची वाट असते. म्हणून फोटोवरून निदान करायचं तर कुकर गार झाल्यावर, पण धुण्याआधी, फोटो काढायचा.

माझ्या भाचीनं पाठवलेला पहिला फोटो असाच लख्ख होता. पाच लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा. सोबत तिची तक्रार: "मामा, बाजूनं फुसफुस वाफ जाते, शिट्टीच होत नाही. दोनदा नवीन रबर आणलं. महिना-दीड महिना बरं चालतं, मग पुन्हा तेच." फोटोतून काही कळलं नाही, पण तिच्या शेवटच्या वाक्यातून बरंच कळलं. खरं निकामी झालेलं रबर बदललं की कुकर निदान काही महिने तरी सुखानं चालायला हवा. रोजच्या वापरातल्या रबराचं आयुष्य ढोबळमानानं वर्षभर धरतात. दोन रबरं लागोपाठ महिन्या-दीड महिन्यात हरत असतील तर तीच सदोष असणं अवघड आहे. दुसऱ्या कुठल्या तरी दोषावर ती काही दिवस पांघरूण घालत असणार.

नवं रबर दोष कसा लपवतं हे समजायला कुकरचं झाकण हवाबंद कसं होतं ते पाहावं लागतं. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या आतल्या कडेला गोल खाच असते आणि तिच्यात रबर बसतं. झाकण फिरवून दांड्यावर दांडा आणला की झाकणाच्या आत वळवलेल्या पकडी भांड्याच्या कडेवरच्या उभारांखाली सरकतात आणि भांड्याची कड रबरात रुतते. पण नुसत्या या रुतण्यानं वाफ अडत नाही. रबराला आतल्या बाजूला एक पातळ, मोकळी कड असते. वाफेचा दाब वाढू लागला की तो या पातळ कडेला ढकलून धातूवर चिकटवतो. दाब जितका जास्त तितकी ती घट्ट बसते. म्हणून पहिल्या दोन-चार मिनिटांत कडेनं थोडी वाफ गेली आणि मग आपोआप थांबली, तर तो बिघाड नव्हे. गॅस फार बारीक ठेवला तर मात्र वाफ इतकी सावकाश तयार होते की जेवढी होते तेवढी निसटत राहते आणि रबर कधी बसतच नाही. तक्रार आली की मी आधी आच विचारतो, ती यासाठी.

शिट्टी उडते त्या वेळी आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो जास्त असतो आणि पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळत असतं. भांड्याचं तोंड २० सेंटीमीटरचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर होतं. म्हणजे झाकणाला वर ढकलणारा जोर तीनशे किलोहून जास्त. तो सगळा त्या पकडींवर येतो. रबर फक्त फट भरतं. फट पाव-अर्धा मिलिमीटरची असेल तर नवं, मऊ रबर ती भरून काढतं. पण रोज तापून ते थोडं थोडं कडक होत जातं आणि दबलेलं पुन्हा पूर्ण फुगून येत नाही. सपाट कडेवर असं रबरही बरेच महिने चालतं. कड एका जागी बसलेली असेल तर त्या जागी ते सगळ्यात आधी कमी पडतं. भाचीच्या कुकरचं हेच होत असावं असा मला संशय होता. आता ती जागा फोटोतून शोधायची होती.

तिला सांगितलं की उद्या नेहमीसारखी खिचडी लाव. वाफ जाऊ लागली की हात किंवा तोंड जवळ नेऊ नकोस, गॅस बंद कर, दाब पूर्ण उतरून कुकर गार होऊ दे आणि काही न पुसता फोटो काढ. बंद कुकरचे चारही बाजूंनी चार फोटो, कडेच्या उंचीवर कॅमेरा धरून. मग झाकण उघडून, पालथं घालून, रबर जागेवर असतानाच वरून एक. मग रबर सुटं ओट्यावर. शेवटी भांड्याच्या कडेचा एक फोटो, वरून. फ्लॅश नको, खिडकीचा तिरपा उजेड हवा. तिरप्या उजेडात खड्डा सावली टाकतो आणि दिसतो, समोरून पडलेल्या उजेडात तो नाहीसा होतो. आणि कॅमेरा अगदी जवळ नेऊ नकोस. मोबाइलची भिंग जवळून गोल वस्तू फेंगडी दाखवते आणि चांगलं झाकण वाकडं वाटायला लागतं. हातभर लांब राहून थोडं झूम केलं की हा घोळ टळतो.

जागा बोलायला सोपी जावी म्हणून आम्ही घड्याळ वापरलं. दांडा म्हणजे सहा, त्याच्या अगदी समोर बारा, वरून पाहताना उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. बाहेरच्या फोटोत ओघळ स्पष्ट होता. झाकणाच्या कडेखालून निघून भांड्यावर बोटभर खाली आलेला, हळदीचा, दोनच्या जागी. इतर कुठेही काही नव्हतं. एकाच जागी ओघळ म्हणजे दोष स्थानिक. रबर सगळीकडून थकलं असतं तर वाफ कडेभर निघाली असती आणि डाग तुटक तुटक चहूबाजूंनी दिसले असते.

थोड्या वेळानं भाचीचा गोंधळलेला निरोप आला. "मामा, रबरावर डाग दहाच्या जागी आहे. वाफ तर दोनला जात होती. मग दोन ठिकाणी गळतंय का?" गळत एकाच ठिकाणी होतं. झाकण पालथं घातलं की डावं-उजवं उलटतं. सहा आणि बारा जागेवर राहतात, पण तीनचे नऊ होतात आणि दोनचे दहा. पालथ्या झाकणाचा फोटो आणि बंद कुकरचा फोटो शेजारी ठेवून बोलताना हे विसरलं की माणूस धडधाकट जागेवर दोष शोधत बसतो. फोन दुरुस्तीवाल्याकडे पाठवतानाही कुठला फोटो पालथ्याचा आहे ते लिहून टाकावं.

सुट्या रबराचा फोटो खरा बोलका निघाला. भांड्याची कड जिथे रबरात रुतते तिथे एक गोल रेघ उमटते. नव्या रबरात ती कोवळी असते, महिन्याभरात ठळक होते. निरोगी कुकरच्या रबरावर ती सगळीकडे सारखी खोल असते. भाचीच्या रबरावर ती दहाच्या जागी जवळजवळ पुसट झाली होती, दोन बोटं रुंद भागात. तिथे भांड्याची कड रबरापर्यंत नीट पोहोचतच नव्हती. त्याच पुसट भागावरून सुकलेल्या पेजेचा पातळ पापुद्रा आतून बाहेर पसरलेला होता. रबर स्वतः बरं दिसत होतं. रंग मंद, चकाकी नाही, पातळ कड उभी, ओट्यावर ठेवल्यावर लाटा नाहीत.

पण बरं दिसणं आणि बरं असणं यात फरक आहे, आणि फोटोची पहिली मर्यादा इथे येते. रबराचा कडकपणा फोटोत दिसत नाही. ओलं रबर तर नेहमीच नवं वाटतं. त्यावर उपाय असा की रबर पुसून कोरडं करायचं, बोटांत धरून बाहेरच्या बाजूला वाकवायचं आणि वाकवलेल्या जागेचा जवळून फोटो काढायचा. सपाट असताना मिटलेल्या भेगा वाकवल्यावर उघडतात आणि काळ्या रबरावर करड्या, बारीक रेषा दिसतात. अशी एक जरी रेष आडवी गेली असेल तर पुढे काही तपासायला नको, रबर बदलायचं. तिनं चार जागी वाकवून पाठवलं. भेगा नव्हत्या.

तरी रबराला निर्दोष ठरवायला एक पुरावा अजून हवा होता. रबरावर सहसा कंपनीचं नाव किंवा माप उठावात छापलेलं असतं. आधीच्या फोटोत ती अक्षरं दांड्याजवळ, सहाच्या जागी होती. भाचीला ती फिरवून बाराच्या जागी न्यायला सांगितलं, म्हणजे रबराचा पुसट भाग दहावरून चारवर जाणार. मग पुन्हा खिचडी, पुन्हा न पुसता फोटो. गळती रबरामुळे असती तर ओघळ रबराबरोबर सरकला असता आणि बाहेरून आठच्या जागी दिसला असता. ओघळ जिथल्या तिथे, दोनलाच होता. मला विचाराल तर नवं रबर विकत आणण्याआधी प्रत्येकानं ही एक चाचणी करावी. खर्च शून्य, आणि उत्तर बहुतेक वेळा स्पष्ट मिळतं.

रबर सुटलं, तरी आरोपी दोन उरले. झाकण आणि भांडं नेहमी दांड्यावर दांडा ठेवूनच बसतात, त्यामुळे रबर फिरवून या दोघांतला दोषी कळत नाही. झाकणाची खाच आधी पाहिली. तिथे वर्षानुवर्षांची डाळ साचून टणक थर होतो, तो रबराला एका जागी उचलतो आणि शेजारच्या जागी फट पडते. खाच स्वच्छ होती. झाकण पडून वाकलं असेल तर कडेची गोलाई एका जागी चपटी दिसते, तीही ठीक होती. पकडींवर चमकदार घासलेली पट्टी सगळीकडे सारखीच रुंद होती, म्हणजे एखादी पकड उघडलेली नव्हती.

मग भांडं. वरून काढलेल्या फोटोत दोनच्या जागी कड किंचित जास्त चकाकत होती, एवढंच. त्यावरून खात्री होईना. म्हणून तिला रात्री भांडं ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथं घालायला सांगितलं, दांडा ओट्याच्या कडेबाहेर ठेवून. आत छोटा टॉर्च, स्वयंपाकघरातला दिवा बंद, आणि डोळ्यांच्या रेषेत कॅमेरा धरून भोवतीनं फोटो. कड सपाट असेल तिथे अंधार राहतो. दोनच्या जागी उजेडाची बारीक रेघ बाहेर आली, दोन बोटं लांब, म्हणजे रबरावरच्या पुसट भागाएवढीच.

एवढ्या लहान जागी कड बसली कशी, हे तिच्या स्वयंपाकाच्या सवयीत होतं. ती डबे न लावता खिचडी, पुलाव, रस्सा थेट कुकरमध्ये करते. डाव्या हातात दांडा, उजव्या हातात उलथनं किंवा डाव, आणि फोडणी हलवून झाली की चिकटलेलं झाडायला डाव भांड्याच्या कडेवर ठक ठक आपटायचा. दांडा डावीकडे असेल तर उजव्या हाताला जवळची कड कुठली येते हे घड्याळावर मांडून पाहा, एक ते दोनच येतात. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. जाड स्टीलचा डाव रोज त्याच जागी बसला की काही वर्षांत तिथे कड चेपते. डावखुऱ्या माणसाच्या कुकरची कड दहाच्या आसपास चेपलेली असली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

भाचीनं कुकर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात नेला. जाताना तिसरं नवं रबर आणायचा मोह टाळला आणि टॉर्चचा फोटो दाखवला. तिथल्या कारागिरानं कड ठोकळ्यावर टेकवून लाकडी हातोडीनं हळूहळू वर आणली, मग पाणी भरून दाब देऊन पाहिलं. तिचा खड्डा उथळ होता म्हणून हे जमलं. धातूला चीर गेली असेल, कडेला धार आली असेल किंवा खड्डा खोल असेल तर भांडंच बदलावं लागतं. कड कानसीनं घासून सपाट करायचा उद्योग घरी करू नये. खड्ड्याच्या तळापर्यंत सगळी कड उतरवायची म्हणजे भांड्याची उंची कमी होते, मग ते रबराला नीट दाबतच नाही आणि एका जागची गळती सगळीकडे होते.

आत बसणाऱ्या झाकणाच्या कुकरला, हॉकिन्सचा ओळखीचा नमुना आहे तसल्या, हीच पद्धत थोडी बदलून लागते. तिथे झाकण आतून वर येऊन तोंडाच्या कडेला खालच्या बाजूनं टेकतं, त्यामुळे फोटो तोंडाच्या कडेच्या खालच्या पृष्ठभागाचा हवा आणि ओट्यावर पालथं घालून टॉर्च लावण्याचा उपयोग नाही. ओघळ आणि रबरावरची रेघ मात्र तिथेही तशीच वाचता येतात.

घराघरात चालणाऱ्या दोन उपायांबद्दल बोलायला हवं, कारण ते फोटोतला पुरावा बिघडवतात. एक म्हणजे रबर फ्रिजरमध्ये ठेवणं. थंडीत रबर किंचित आकसतं आणि ताठ होतं, त्यामुळे सैल झालेलं रबर खाचेत बसल्यासारखं वाटतं. गॅसवर चढवल्यावर काही मिनिटांत ते पूर्वपदावर येतं, कडकपणा तसूभरही कमी होत नाही. दुसरा म्हणजे कडेभोवती कणीक थापणं. हा धोक्याचा आहे. बाहेरून बसणाऱ्या कित्येक झाकणांच्या उभ्या कडेला एक लांबट खिडकी असते. शिट्टीचा मार्ग तुंबला आणि दाब फार वाढला, तर रबर त्या खिडकीतून बाहेर ढकललं जातं आणि वाफ तिथून निसटते. ही खिडकी कणकेनं बुजवणं म्हणजे सुटकेचा एक मार्ग स्वतःहून बंद करणं. फोटोत रबराची वळी या खिडकीतून बाहेर डोकावलेली दिसली तर ते आत ढकलून पुन्हा कुकर लावू नये. आधी शिट्टीची नळी पाहावी. शिट्टी काढून झाकण उजेडासमोर धरायचं आणि नळीतून आरपार फोटो घ्यायचा. गोल, स्वच्छ उजेडाचा ठिपका दिसायला हवा. ठिपका अर्धा असेल तर नळीत भाताचं शीत किंवा डाळीचं साल अडकलंय.

शिट्टीच्या बुडातूनच सतत वाफ जात असेल आणि झाकणावर शिट्टीभोवती पिवळे शिंतोडे असतील, तर कडेचं काही तपासू नये. शिट्टी नीट बसत नाही, तिच्या बुडाशी घाण आहे किंवा कुकर गच्च भरलाय. डाळीसारख्या फेसाळणाऱ्या पदार्थांना निम्म्याच्या वर भरू नये आणि इतरांनाही दोन तृतीयांशापुढे जाऊ नये असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं ते याचसाठी.

राहिला सेफ्टी वॉल्व्ह. त्याच्या मध्यभागी कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूची गोळी असते. कुकरमधलं पाणी आटून तो कोरडा तापला की ती वितळते आणि वाफ मोकळी होते. फोटोत मध्यभागी आरपार भोक दिसलं तर गोळी गेली. पण गोळी जागेवर दिसते म्हणून वॉल्व्ह ठीक आहे असं फोटोवरून सांगता येत नाही. ती अर्धवट सुटलेली असू शकते, किंवा कुणीतरी भोक साध्या डागकामानं बुजवलेलं असू शकतं, आणि दोन्ही फोटोत सारखंच चमकतं. वॉल्व्हभोवती ओघळ दिसला की मी निदान करत नाही. त्या कंपनीचा, त्या नमुन्याचा नवा वॉल्व्ह बसवा एवढंच सांगतो, आणि तोवर कुकर गॅसवर चढवू नका.